नऊ टिपणं आणि एक परिच्छेद

औसा तालुक्यातल्या एका गावाची पाणीपाहणी झाली आणि अहवाल लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं. आमचे काका गावोगाव फिरतात, पण वहीत फार मोजकं लिहितात. त्या पानावर एवढंच होतं: '14 विहिरी पाहिल्या. 9 कोरड्या. 3 ला पाणी, 2 फूट. 2 गाळ. हातपंप मार्चपासून बंद. टँकर दिवसाआड. ऊस 2 शेतकरी, बोअरवर. शाळेची टाकी गळते. पाण्याला वास?'

नव्या सहकारी मुलीने यावरून पानभर मजकूर तयार केला होता. भाषा छान होती. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हेही त्यात होतं. गोष्ट खरी, पण ती काकांच्या वहीत नव्हती. शाळेची टाकी मात्र कुठेच जुळेना म्हणून गळाली होती.

मला खरी काळजी वाटली ती एका वाक्याची: 'दोन शेतकऱ्यांनी उसासाठी बोअरमधून उपसा केल्यामुळे 9 विहिरी कोरड्या पडल्या.' वहीत ऊस आहे, कोरड्या विहिरीही आहेत, 'त्यामुळे' नाही. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत असतं. खोल बोअर आणि उथळ विहीर यांचं पाणी एकच आहे का, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. असा अहवाल तहसीलला गेला असता तर त्या दोन घरांवर सगळं गाव उलटलं असतं.

मग आम्ही टिपणांना समासात आकडे दिले, आणि जे कळत नव्हतं ते फोनवर विचारलं.

"काका, दोन फूट म्हणजे तिन्ही विहिरींत मिळून?"

"नाही ताई, प्रत्येकीत. दोरी टाकून मोजलंय."

"आणि वास?"

"एकाच विहिरीचा. मला नाही आला, बायका सांगत होत्या."

त्यावरून असं उतरलं: 'गावातील 14 विहिरींची पाहणी केली. त्यांपैकी 9 कोरड्या आहेत, 2 गाळाने भरल्या आहेत आणि उरलेल्या 3 विहिरींत प्रत्येकी 2 फूट पाणी आहे. यांतील एका विहिरीच्या पाण्याला वास येतो, असे गावातील महिलांनी सांगितले. हातपंप मार्चपासून बंद असून टँकर दिवसाआड येतो. शाळेची पाण्याची टाकी गळते. 2 शेतकऱ्यांकडे बोअरच्या पाण्यावर ऊस आहे.'

उसाचं वाक्य मुद्दाम विहिरींपासून लांब ठेवलं. शेजारी ठेवलं असतं तर वाचणाऱ्याने 'त्यामुळे' स्वतःच घातलं असतं.

शेवटी उलटी तपासणी. वही मिटून तिने या परिच्छेदातून पुन्हा मुद्दे काढले आणि मग वहीशी ताडून पाहिले. नऊच्या नऊ सापडले. जास्तीचं फक्त काकांनी फोनवर सांगितलेलं होतं, ते आम्ही वहीत तारखेसह लिहून घेतलं. टाइप करताना तिने 'टँकर फक्त दिवसाआड येतो' असं लिहिलं होतं. छापायच्या आधी तिनेच 'फक्त' खोडलं.