आई-बाबांच्या अमेरिकी व्हिसासाठी मुंबईला : कागद, क्रमांक आणि मोबाईलशिवायची मुलाखत

आई-बाबांच्या अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी (बी१/बी२) आम्ही नुकतेच नाशिकहून मुंबईला जाऊन आलो. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मोबाईल, स्मार्टवॉच वा मोठी पिशवी नेता येत नाही आणि अर्जदारासोबत आलेल्याला सहसा आत सोडत नाहीत. म्हणजे एरवी तिकिटापासून आधारपर्यंत सगळे मोबाईलवर दाखवणाऱ्या आपल्या लोकांना इथे छापील कागदाशिवाय गत्यंतर नाही. मुलगा बाहेर, मोबाईल मुलाच्या खिशात आणि सत्तरीतले वडील दारावर, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून तयारी करावी.

अपॉइंटमेंट दोन असतात आणि अनेक घरांत इथेच घोळ होतो. पहिली व्हिसा अर्ज केंद्रात, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी. दुसरी प्रत्यक्ष दूतावासात, मुलाखतीसाठी. दोन्ही जागा एकाच संकुलात असल्या तरी इमारती वेगळ्या आहेत, तारखाही बहुधा वेगळ्या असतात. म्हणून रिक्षावाल्याला नुसते ‘अमेरिकन कॉन्सुलेट’ सांगण्याऐवजी त्या दिवशीच्या स्लिपवर छापलेला पत्ता वाचून दाखवावा.

निघण्याच्या काही दिवस आधी usvisascheduling.com वर लॉगिन करून दोन्ही तारखा आणि वेळा पुन्हा पाहाव्यात. दूतावास कधीकधी स्वतःहून तारीख बदलतो आणि तसा ई-मेल पाठवतो. आई-बाबांचे खाते परदेशातल्या मुलीच्या ई-मेलवर उघडलेले असेल, तर तो संदेश तिच्याकडे पडून राहतो आणि नाशिकला कोणाला पत्ताही नसतो. तारखेत काहीही बदल झाला, की जुनी स्लिप फाडून टाकावी आणि नवी छापावी.

त्याच बैठकीत एक ताळा करून घ्यावा. DS-160 हा ऑनलाइन अर्ज सादर केल्यावर जे कन्फर्मेशनचे पान मिळते, त्यावर बारकोड आणि AA ने सुरू होणारा क्रमांक असतो. हाच क्रमांक अपॉइंटमेंटच्या स्लिपवर असायला हवा. आईच्या बाबतीत तो जुळत नव्हता. अर्ज भरल्यानंतर तिचा पासपोर्ट नूतनीकरण होऊन आला, त्यामुळे पासपोर्टचा क्रमांक बदलला आणि नवा DS-160 भरावा लागला. सादर झालेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. जुनी माहिती वापरून नवा अर्ज तयार करता येतो, पण त्याला क्रमांकही नवा मिळतो. अपॉइंटमेंटच्या खात्यात मात्र जुनाच DS-160 आणि जुनाच पासपोर्ट क्रमांक राहिला होता. बहिणीने दोन्ही बदलून घेतल्यावर आम्ही स्लिप पुन्हा छापली आणि पासपोर्ट, DS-160 व स्लिप शेजारी ठेवून एकेक अंक मोठ्याने वाचला. हे काम आदल्या रात्रीवर ढकलू नये, कारण क्रमांक जुळला नाही तर अर्जदाराला परत पाठवले जाऊ शकते.

छपाई लेझर प्रिंटरवर करावी आणि बारकोडवर घडी पडू देऊ नये. संपूर्ण DS-160 छापायची गरज नाही, कन्फर्मेशनचे एक पान पुरते. पती-पत्नीचे अर्ज वेगळे असतात, म्हणून प्रत्येकाच्या हातात स्वतःचा गठ्ठा द्यावा : मूळ चालू पासपोर्ट, पूर्वीचे पासपोर्ट, DS-160 चे पान, अपॉइंटमेंटची स्लिप आणि एक छायाचित्र. पासपोर्टची झेरॉक्स इथे चालत नाही. सातबारा, पेन्शनचे कागद, बँकेचा उतारा यांच्या मूळ प्रती आम्ही पातळ पारदर्शक फोल्डरमध्ये दिल्या होत्या. बाबांना त्यांतला एकही कागद मागितला नाही. मुलाखत दोन-चार प्रश्नांत आटोपते आणि अधिकारी मुख्यतः अर्जातली माहिती व तोंडी उत्तरे पाहतो. तरीही मूळ कागद सोबत असावेत, कारण मागितल्यावर ‘घरी आहेत’ हे उत्तर उपयोगाचे नसते. मोठ्या फायली मात्र नेऊ नयेत. त्यांतून हवा तो कागद वेळेवर सापडत नाही.

मुलाखतीनंतर भेटण्याची जागा आधीच ठरवावी आणि मोबाईल क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आई-बाबांच्या खिशात ठेवावा.

व्हिसा मंजूर झाला, की पासपोर्ट दूतावास ठेवून घेतो. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या झेरॉक्स घरी काढून ठेवाव्यात. पुढे संकलन केंद्रातून तो परत घेताना ओळखपत्र लागते आणि त्या वेळी पासपोर्ट हाताशी नसतो, तेव्हा मूळ आधार कार्ड व त्याची एक प्रत न्यावी. घरातले दुसरे कोणी जाणार असेल, तर अर्जदाराच्या सहीचे अधिकारपत्र, अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि नेणाऱ्याचे स्वतःचे मूळ ओळखपत्र लागते. आम्ही ते अधिकारपत्र नाशिकला परतल्याबरोबर आईकडून लिहून घेतले, कारण पासपोर्ट आणायला मुंबईला माझा चुलतभाऊ जाणार होता.