गुडविलमध्ये बसलेला पगार

कन्सॉलिडेटेड ताळेबंदाच्या मसुद्यात गुडविल 205 कोटी रुपये दिसत होतं. विकत घेतलेली कंपनी मसाल्यांची. किरकोळ पाकिटं कमी; मुख्य धंदा फरसाणवाले, वेफर्सवाले आणि हॉटेलांना घाऊक मिश्रणं पुरवण्याचा. कारखाना तुर्भ्याच्या एमआयडीसीत, वाशीच्या मसाला मार्केटपासून जवळ. मालक दोन भाऊ आणि एक बहीण, तिघांचे शेअर्स समान. घेणारी कंपनी लिस्टेड, तिचं ऑफिस लोअर परळला, आणि आम्ही तिचे ऑडिटर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. हिशेबाचं तत्त्व मात्र तेच.)

व्यवहार 1 ऑक्टोबरचा. कंपनीने मांडलेला हिशेब असा होता: रोख दिले 300 कोटी. पुढच्या तीन वर्षांत नफ्याची ठरावीक पातळी गाठली तर आणखी 90 कोटींपर्यंत द्यायचे, म्हणजे ज्याला सगळे अर्न-आउट म्हणतात ते. पातळी गाठण्याची शक्यता आणि व्याज लक्षात घेऊन त्याची आजची फेअर व्हॅल्यू 60 कोटी धरली होती. एकूण किंमत 360 कोटी. समोर काय मिळालं? पुस्तकातली निव्वळ मालमत्ता 110 कोटी, जमीन आणि मशिनरीची फेअर व्हॅल्यू पुस्तकापेक्षा 40 कोटी जास्त, ब्रँड 20 कोटी. या वाढीव 60 कोटींवर डेफर्ड टॅक्स, म्हणजे पुढे द्यावा लागणारा कर, 15 कोटी वजा. मिळालेलं 155 कोटी, दिलेलं 360, फरक 205. तो गुडविल.

बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पण इंड एएसखाली, म्हणजे भारतीय लेखा मानकांखाली, गुडविलवर दरवर्षी घसारा लागत नाही, फक्त वर्षातून किमान एकदा इम्पेअरमेंटची, म्हणजे त्याचं मूल्य घटलंय का याची, चाचणी होते. त्यामुळे जे जे गुडविलमध्ये बसतं ते नफा-तोट्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून अशा कामात मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या आकड्यात असं काय आहे, ज्याची खरी जागा दुसरीकडे आहे?

रोख रकमेचं काम लवकर आटोपलं. बँक स्टेटमेंट, एस्क्रोत ठेवलेली रक्कम, तिघांच्या खात्यांत गेलेले प्रत्येकी 100 कोटी, सगळं जुळलं. वकील आणि सल्लागारांची फी त्यांनी नियमाप्रमाणे खर्चात टाकली होती. जमीन एमआयडीसीची, म्हणजे लीजवरची. व्हॅल्युअरने उरलेली वर्षं धरूनच दर लावला होता. आजूबाजूच्या प्लॉटांच्या हस्तांतरणाशी तो ताडून पाहिला, ठीक वाटला.

अडलं ते अर्न-आउटपाशी. शेअर पर्चेस अ‍ॅग्रीमेंट शंभराच्या वर पानांचं होतं. मुख्य कलमात सरळ लिहिलं होतं की नफ्याची पातळी गाठल्यावर 'अर्न-आउट लाभार्थ्यांना' रक्कम द्यावी. विक्रेत्यांना नाही, लाभार्थ्यांना. करारात वेगळा शब्द योजला की त्याची व्याख्या कुठेतरी असतेच. ती शेवटच्या परिशिष्टात सापडली: लाभार्थी म्हणजे पहिला आणि दुसरा विक्रेता, रक्कम देण्याच्या तारखेला ते कंपनीच्या नोकरीत असले तर. तिसऱ्या विक्रेत्याचं, म्हणजे बहिणीचं, नाव त्यात नव्हतंच. भावांचे नोकरीचे करार वेगळे मागवले. त्यांतही तेच: राजीनामा दिला तर अर्न-आउटवरचा हक्क आपोआप संपेल.

इंड एएस 103 इथे संदिग्ध नाही. विकणाऱ्याने नोकरी सोडली की जी रक्कम आपोआप बुडते, ती कंपनीची किंमत नसून खरेदीनंतर केलेल्या कामाचा मोबदला आहे. अशी अट नसती तर इतर खुणा तपासाव्या लागल्या असत्या: पगार बाजारभावाने आहे का, कंपनीत न राहणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक शेअरमागे कमी मिळतंय का, अर्न-आउटचं सूत्र मूल्यांकनातून आलंय की नफ्यातला वाटा आहे. इथे अट स्पष्ट होती, तरीही खुणा पाहिल्याच, कारण घेणाऱ्या कंपनीचे सीएफओ साहेब सहज मानणार नाहीत याची कल्पना होती.

तुर्भ्याला आम्ही साठ्याच्या कामासाठी गेलो, तेव्हा मोठे भाऊ स्वतः गोडाऊन दाखवायला आले. धण्याच्या गोण्यांची थप्पी वरपासून खालपर्यंत न्याहाळत ते बोलत होते. नाकात मिरचीचा ठसका, डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, "तीन वर्षांनंतरची रक्कम तुम्हा दोघांनाच कशी? ताईंना का नाही?"

"मॅडम, ताईला तिच्या शेअरची किंमत मिळाली की. आम्हालाही तेवढीच मिळाली. वरचे पैसे आम्ही इथे थांबून धंदा वाढवायचा त्याचे. ती कधी कारखान्यात बसली नाही, तिने मागितलेही नाहीत."

ते इतक्या सरळपणे बोलले की मी ते वाक्य तिथेच वहीत उतरवून घेतलं. शेअरची किंमत तिघांना सारखी, म्हणजे कंपनीची किंमत 300 कोटीच. वरचे पैसे थांबण्याचे. पुढे त्यांच्या बोलण्याला दुजोरा देणारा मेलही आम्ही कंपनीकडून मागवला. नुसत्या तोंडी उत्तरावर एवढा आकडा हलवता येत नाही.

लोअर परळच्या मीटिंगमध्ये सीएफओ साहेबांचा पहिला मुद्दा होता, "अहो, बोर्डाने 390 कोटींपर्यंतच्या डीलला मंजुरी दिली आहे. आमच्या दृष्टीने ही सगळी किंमतच आहे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घेणाऱ्याच्या खिशातून पैसे जायचेच आहेत. पण ते कशासाठी जातात यावर त्यांची जागा ठरते. दुसरा मुद्दा जास्त चतुर होता: "आत्ता आकडे तात्पुरते म्हणून दाखवू, वर्षभरात बघू." मोजमापाला एक वर्षापर्यंतची मुदत मिळते हे बरोबर. पण ती खरेदीच्या तारखेला असलेल्या वस्तुस्थितीबद्दलची माहिती अजून हाती यायची असेल तेव्हा. इथे करार सहीचा होता आणि अट त्यात छापलेली होती. नवं काहीच कळायचं नव्हतं. आमचे पार्टनर यावर ठाम राहिले आणि ते 60 कोटी किमतीतून निघाले. त्याऐवजी तीन वर्षांत अपेक्षित, आजच्या किमतीत न आणलेले, साधारण 72 कोटी कर्मचारी खर्च म्हणून दाखवायचे, म्हणजे वर्षाला 24 कोटींच्या आसपास. पहिल्या सहा महिन्यांचे 12 कोटी याच वर्षाच्या नफ्यातून गेले.

खरी मेहनत पुढची होती. घाऊक मसाल्याचा धंदा वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांवर चालतो, आणि मूल्यांकनाच्या अहवालात ग्राहकसंबंधांसाठी शून्य. कारण दिलं होतं: ग्राहकांशी दीर्घ मुदतीचे करार नाहीत, फक्त पर्चेस ऑर्डर येतात. हे कारण टिकत नाही. ग्राहकाशी ऑर्डरद्वारे करार करण्याचा परिपाठ असेल, तर त्या दिवशी हातात एकही ऑर्डर नसली तरी तो संबंध वेगळी अमूर्त मालमत्ता म्हणून ओळखावा लागतो. कारखान्यातले कामगार कुशल असले तरी त्यांची फौज अशी वेगळी दाखवता येत नाही, ती गुडविलमध्येच जाते. गिऱ्हाइकांचं तसं नाही.

व्हॅल्युअरने मग आकडा काढला: 62 कोटी. पद्धत नेहमीची. सध्याच्या ग्राहकांकडून पुढे येणारा नफा घ्यायचा, त्यातून कारखाना, ब्रँड, खेळतं भांडवल यांच्या वापराचा मोबदला वजा करायचा, उरेल तो आजच्या किमतीत आणायचा. यात सगळ्यात नाजूक आकडा गळतीचा: दरवर्षी जुने ग्राहक किती सुटतात? त्यांनी 8 टक्के धरला होता. आधार म्हणून जुन्या ग्राहकांची पाच वर्षांची रुपयांतली विक्री जोडली होती.

मला रुपयांचा भरवसा वाटेना. मसाल्यात भाव चढला की तेवढ्याच मालाची विक्री फुगते. पाच किलो कमी घेणारा ग्राहकही बिलात वाढलेला दिसतो. आमच्या आर्टिकलला, म्हणजे आमच्याकडे सीएचं काम शिकणाऱ्या पोराला, मी सेल्स लेजर किलोमध्ये काढायला सांगितलं. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी माल घेतला त्यांची यादी पक्की करायची आणि त्याच यादीतल्यांनी शेवटच्या वर्षी किती उचलला ते पाहायचं. काम किचकट होतं, कारण एकाच फरसाणवाल्याचे तीन-तीन जीएसटी नंबर आणि नावं बदललेल्या फर्म. पोराने चिकाटीने जोड्या लावल्या. उत्तर आलं: तेव्हाच्या 100 किलोंपैकी आता 51 किलोच त्या ग्राहकांकडे जातात. गळती 8 टक्के असती तर पाच वर्षांनी 66 किलो उरायला हवे होते. 51 उरले याचा अर्थ दर साडेबारा टक्क्यांच्या जवळपास.

तो दर मॉडेलमध्ये घातल्यावर 62 चे 48 कोटी झाले. आमच्या फर्मच्या मूल्यांकन विभागाने स्वतंत्र पडताळणी केली, व्हॅल्युअरनेही शेवटी मान्य केलं. इथे हेही सांगायला हवं की या बदलाने गुडविल वाढलं. आम्ही गुडविल कमी करायलाच बसलो होतो असं नव्हे. 62 ठेवले असते तर आमच्या पहिल्या मुद्द्याला शोभलं असतं, पण ग्राहक तेवढे टिकत नाहीत हे लेजर सांगत होतं.

या 48 कोटींचा घसारा आयकरात मिळत नाही, कारण शेअर्स घेतले, मालमत्ता नाही. कराच्या हिशेबात जुन्या किमतीच चालू राहतात. म्हणून 25.17 टक्के दराने साधारण 12 कोटींचं डेफर्ड टॅक्सचं देणं उभं राहिलं. मिळालेली निव्वळ मालमत्ता 155 वरून 191 कोटी झाली. दिलेली किंमत 300. गुडविल 109 कोटी. ग्राहकसंबंध आठ वर्षांत खर्ची पडणार, वर्षाला 6 कोटी.

ऑडिट कमिटीत फार वाद झाला नाही. आम्ही अहवालात हा प्रमुख ऑडिट मुद्दा म्हणून मांडला. किंमत आणि नोकरीचा मोबदला कसा वेगळा केला, गळतीचा दर कशावरून घेतला, दोन्ही लिहिलं. लिफ्टपाशी सीएफओ साहेबांनी एक शेवटचा प्रश्न विचारला: "नोकरीची अट आता दोघांच्या संमतीने काढून टाकली तर?"

मी म्हटलं, "तर ती रक्कम मागे जाऊन गुडविलमध्ये बसणार नाही, सर. हिशेब खरेदीच्या तारखेच्या कराराने ठरला. अट काढली तर उरलेल्या अडीच वर्षांचा खर्च त्याच दिवशी एकदम नोंदवावा लागेल, आणि भाऊ दुसऱ्या दिवशी जायला मोकळे."

अट त्यांनी तशीच ठेवली.