आत काय आलं, बाहेर काय गेलं

इंदूरच्या आपल्या शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे सर उष्णतेचं गणित देताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत: "आत येताना किती घेऊन आला आणि जाताना किती घेऊन गेला, ते आधी लिही." आज मी रेफ्रिजरेशन शिकवतो आणि मुलांना हेच विचारतो.

उदाहरण R134a या शीतकाचं घेऊ. आतली उष्णता शोषणारा इव्हॅपोरेटर उणे 10 अंशांवर, ती बाहेर टाकणारा कंडेन्सर 40 अंशांवर. कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या वाफेची एन्थाल्पी, म्हणजे प्रत्येक किलो शीतक सोबत वाहून नेतं ती ऊर्जा, h₁ = 392.7 किलोज्यूल प्रति किलो. आदर्श दाबणीनंतर h₂ सुमारे 426.5. कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या द्रवाची h₃ = 256.4. हे द्रव दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून इव्हॅपोरेटरमध्ये शिरतं, तेव्हाची h₄ किती?

पुष्कळ मुलं कोष्टकात उणे 10 अंशांची ओळ पाहतात आणि तिथल्या द्रवाचा आकडा, 186.7, उचलतात. मग शीतन परिणाम, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये प्रत्येक किलोनं शोषलेली उष्णता h₁ − h₄, 206 येतो, म्हणजे त्या तापमानाची पूर्ण गुप्त उष्णता. उत्तर देखणं असतं, पण चुकीचं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये शीतक ना काम करतं, ना उष्णता देतं. दाब आणि तापमान उतरतं, एन्थाल्पी मात्र तीच राहते. म्हणून h₄ = h₃ = 256.4 आणि

h₁ − h₄ = 392.7 − 256.4 = 136.3

मग उरलेले 69.7 कुठे गेले? गरम द्रवाला स्वतःलाच 40 वरून उणे 10 पर्यंत थंड व्हायचं असतं. त्यासाठी त्याचाच एक भाग व्हॉल्व्हमध्ये वाफ होऊन जातो: 69.7 भागिले 206, म्हणजे साधारण 34 टक्के. इव्हॅपोरेटरमध्ये शिरतानाच एक तृतीयांश शीतक वाफ झालेलं असतं, आणि ती वाफ तिथे जवळजवळ काहीच थंडावा देत नाही. मला हा आकडा आजही थक्क करतो.

चूक पकडायला सरांचाच प्रश्न पुरतो. कंडेन्सर बाहेर टाकतो 426.5 − 256.4 = 170.1. शीतन 136.3 आणि कॉम्प्रेसरचं काम 33.8 यांची बेरीजही तेवढीच. 206 घेतलात तर मेळ बसत नाही. मात्र चारही आकडे एकाच कोष्टकातून घ्यायचे. वेगवेगळ्या कोष्टकांचा शून्यबिंदू वेगळा असू शकतो, आणि मग वजाबाकीला अर्थच राहत नाही.

मे महिन्यात इंदुरात कंडेन्सर 50 अंशांवर गेला, की h₃ होते 271.6 आणि प्रत्येक किलोमागे थंडावा उरतो 121.1. कॉम्प्रेसरचं काम वर वाढतं ते वेगळंच. उलट 40 अंशांच्या कंडेन्सरमधलं द्रव 35 पर्यंत निवलं, तर तोच आकडा जवळजवळ 143.7 होतो. म्हणून यंत्र कमी थंड करतं अशी तक्रार आली, की मी मुलांना व्हॉल्व्हच्या अलीकडच्या द्रवनळीला आधी थर्मामीटर लावायला सांगतो.