तुम्ही विचारलंत म्हणून: करारातलं कलम सोपं करताना

"लिव्ह अँड लायसन्सच्या करारातलं डिपॉझिटचं कलम चार वेळा वाचलं तरी कळत नाही. ते साध्या मराठीत लिहिता येईल का? पण अर्थ तसूभरही बदलायला नको."

येतं. मात्र हात आधी शब्दांना लावायचा नाही, कलमाच्या सांगाड्याला लावायचा. अशा करारांत साधारण या धाटणीचं कलम असतं:

"मुदत संपुष्टात आल्यावर अथवा तत्पूर्वी करार रद्द झाल्यास, परवानगी घेणार यांनी सदर मिळकतीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा परवानगी देणार यांचे हवाली केल्यानंतर, परवानगी देणार हे अनामत रक्कम रु. १,००,०००/- मधून थकीत परवानगी शुल्क, थकीत वीजबिल व नैसर्गिक झीज वगळता झालेल्या नुकसानीची भरपाई, असल्यास, वजा जाता उर्वरित रक्कम विनाव्याज परत करतील. परंतु असे की, परवानगी घेणार यांनी लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास, उर्वरित लॉक-इन कालावधीचे परवानगी शुल्क देण्यास ते बांधील राहतील व सदर रक्कम अनामत रकमेतून वळती करून घेण्याचा अधिकार परवानगी देणार यांस राहील."

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग विचारा: हे कोणी करायचं, कशानंतर करायचं, आणि ते करणं भाग आहे की मुभा आहे? "परत करतील" हा नुसता भविष्यकाळ नाही, ते बंधन आहे. "बांधील राहतील" हेही बंधनच. "अधिकार राहील" ही मात्र मुभा आहे. साध्या भाषेत बंधनाला "केलंच पाहिजे" आणि मुभेला "करू शकतो" म्हणायचं आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवायचं. अधिकाराच्या जागी "अनामतीतून कापले जातील" लिहिलं, की देणाऱ्याची मुभा सक्ती होते. मूळ कलमात तो अनामत परत देऊन फी वेगळी मागू शकतो. नव्या वाक्यात ती वाट बंद झालेली असते.

नंतर "सदर". हा शब्द दिसेल तिथे तो कशाकडे बोट दाखवतो ते शोधून ती वस्तूच लिहायची. वरच्या कलमात "सदर रक्कम" म्हणजे अनामत नव्हे, तर उरलेल्या लॉक-इनची, म्हणजे जागा सोडायची नाही असं ठरलेल्या काळाची, फी. घाईत वाचणारा ती अनामत समजतो आणि "लॉक-इनमध्ये सोडलं तर डिपॉझिट जाईल" असं सोपं करून मोकळा होतो. एवढं सुटसुटीत वाक्य, पण ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

आकडे घालून बघा. लॉक-इन ६ महिन्यांचा, फी महिना २५,००० रुपये. चार महिन्यांनी जागा सोडली तर दोन महिन्यांचे ५०,००० द्यावे लागतात. १,८०० रुपये वीजबिल थकलेलं असेल, तर हे सगळं अनामतीतून वळतं केल्यावर ४८,२०० रुपये परत मिळाले पाहिजेत. "डिपॉझिट जाईल" म्हणणाऱ्याने हे पैसे बुडवले. उलट, पहिल्याच महिन्याअखेरीस सोडली तर पाच महिन्यांचे १,२५,००० होतात. अनामत सगळी जाऊनही २५,००० देणं उरतं, कारण कलमात "अनामतीपुरतंच" असं कुठेही म्हटलेलं नाही. न्यायालय ही सगळी फी वसूल करू देईल की नाही, हा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ चा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सोप्या मसुद्यात घुसवायचं नाही.

काही शब्द अवघड वाटले तरी सोडता येत नाहीत. परवानगी शुल्काला "भाडं" आणि घेणाऱ्याला "भाडेकरू" म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाडेकरू आणि लायसन्सवर राहणारा यांचे हक्क वेगळे आहेत. राहण्यासाठी दिलेल्या जागेचं लायसन्स संपल्यावर ताबा परत मिळवण्याची खास तरतूद कलम २४ मध्ये आहे. म्हणून "लायसन्स फी" म्हणा, सगळ्यांना कळतं. "मालक" हा शब्दही टाळलेला बरा, कारण लायसन्स देणारा दरवेळी मालकच असतो असं नाही.

"रिकामा व शांततापूर्ण ताबा" याचं "चावी दिल्यावर" करू नका. चावी दिली पण आतल्या खोलीत कपाट आणि गादी राहिली, तर ताबा रिकामा झाला नाही आणि अनामत परत करायची वेळही आली नाही. "नैसर्गिक झीज" सोपी करताना "उदा. रंग उडणे, भिंतीला खिळ्यांची भोकं" असं जोडावंसं वाटतं. हेतू चांगला असतो, पण खिळ्यांची भोकं कोणी भरायची याचा निकाल तुम्ही एकट्याने लावलेला असतो.

आता साधं रूप:

"अनामत रक्कम १,००,००० रुपये आहे. कराराची मुदत संपली किंवा करार त्याआधी रद्द झाला, तर लायसन्स घेणाऱ्याने जागा पूर्ण रिकामी करून, कोणताही वाद न ठेवता ताबा परत दिल्यानंतर लायसन्स देणाऱ्याने अनामत परत केली पाहिजे. तिच्यावर व्याज मिळणार नाही. थकलेली लायसन्स फी, थकलेलं वीजबिल आणि जागेच्या नुकसानीची भरपाई, यांतलं जे असेल ते अनामतीतून आधी वजा होईल. नेहमीच्या वापराने होणारी झीज नुकसानीत धरली जाणार नाही.

मात्र लायसन्स घेणाऱ्याने लॉक-इनच्या काळात जागा सोडली, तर लॉक-इनचा जेवढा काळ उरला असेल तेवढ्याची लायसन्स फी त्याने दिलीच पाहिजे. ही फी लायसन्स देणारा अनामतीतून वळती करून घेऊ शकतो."

दोन मजकूर शेजारी ठेवा आणि मूळ कलमातला एकेक तुकडा नव्यात सापडला की खूण करत जा. मग उलट्या दिशेने जा; चोरपावलांनी शिरलेली भर या फेरीत पकडली जाते. "मात्र" हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे, कारण "परंतु असे की" नंतरचा भाग आधीच्या नियमाला घातलेली अट आहे. तो सुटा क्रमांक देऊन दोन पानं पुढे टाकला तर हे नातं तुटतं. "जागा सोडली" याचंही "करार मोडला" करायचं नाही. देणाऱ्यानेच लॉक-इनमध्ये करार रद्द केला तर काय, याबद्दल हे कलम गप्प आहे.

ते आणखी एका बाबतीत गप्प आहे: अनामत किती दिवसांत परत करायची. "ताबा दिल्यावर लगेच" असं लिहायला हात शिवशिवतो, पण "लगेच" हे नवं बंधन आहे. अशी रिकामी जागा दिसली की समासात खूण करून दोन्ही बाजूंना विचारायचं. सह्या व्हायच्या असतील तर त्यांनी ठरवलेले दिवस मसुद्यात घाला. करार आधीच नोंदवलेला असेल, तर तुमचं साधं रूप समजण्यापुरतं आहे आणि नोंदवलेला मजकूरच लागू राहील, हे त्याच पानाच्या माथ्यावर लिहा.