आठ पावलांचं ध्रुवपद

"सर, शाळेचं गीत लिहायचंय. शब्द आहेत, चालही सोपी आहे, पण लेकरांना म्हणता येत नाही. गाता येईल असं ध्रुवपद कसं जमवता तुम्ही?"

तुम्ही विचारलंत म्हणून मांजरा नदीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण घेतो. तिथल्या बाईंनी गीत लिहून ठेवलं होतं आणि गावातल्या भजनी मंडळाची चाल बसवायची ठरली होती. चालीची निवड एकदम योग्य. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, टाळ वाजवणारा घरोघरी सापडतो आणि पोरांच्या कानात तो काकड आरतीपासून मुरलेला असतो. अडलं होतं ते पहिल्या ओळीशी. ती अशी होती: "ज्ञानामृताचे हे पवित्र मंदिर".

ही ओळ बोटावर मोजू. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ अक्षर दोन, जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्वही दोन. असं मोजलं तर 19 मात्रा भरतात, आणि ठेक्याची दोन आवर्तनं म्हणजे 16. जास्तीच्या तीन मात्रा कुठं घालायच्या? लेकरं त्या घाईत गिळतात. पण खरी अडचण त्याहून पुढं आहे. लेकरं टाळी देतात ती पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. इथं पाचव्या मात्रेची टाळी पडते 'मृ'वर, एका मात्रेच्या हलक्या अक्षरावर. मग 'चे' एका आवर्तनात सुरू होतं आणि दुसऱ्यात संपतं, म्हणजे नवी टाळी त्याच्या अंगावरच पडते. तिसरी-चौथीच्या पोरांना 'ज्ञानाम् रुताचे' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. शेवट 'मंदिर'वर. 'र' लांबवता येत नाही, म्हणून सूर धरायला उरतो फक्त 'दि'. दीडशे लेकरं एकदम 'दिऽऽर' म्हणतात तेव्हा ऐकून बघा एकदा.

हेडसर म्हणाले, "पण सर, शाळेचं गीत म्हटल्यावर जरा वजनदार शब्द नकोत का?" वजन हवंच, पण ते टाळीवर पडलं पाहिजे.

मी ध्रुवपद आधी लिहितो, अंतरे मागाहून. आणि लिहिताना चालतो. कारण हे गीत परिपाठात उभ्यानं म्हणायचं असलं तरी 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला आणि आपल्याकडं 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, प्रभातफेरीत चालत म्हणायचं असतं. एक दीर्घ अक्षर, एक पाऊल. आठ मात्रांना चार पावलं, पूर्ण ओळीला आठ. चौथ्या पावलानंतर श्वास घेता आला पाहिजे, कारण धापा टाकत चालणाऱ्या सात वर्षांच्या पोराचा दम त्यापुढं पुरत नाही. म्हणूनच दादरा मी बाजूला ठेवतो. सहा मात्रांचा झोका गोड लागतो खरा, पण त्यावर रांग चालत नाही, पोरं डुलत राहतात.

त्या शाळेसाठी झालेलं ध्रुवपद हे:

आमची शाळा, आमची शाळा
घंटा होता होऊ गोळा

कुणी म्हणेल, 'आमची'च्या तर पाच मात्रा होतात. वहीत होतात. तोंडात होत नाहीत. आपण 'आम्‌ची' म्हणतो, दोन अधिक दोन, चार. जुन्या कवितेच्या सवयीनं लोक तिथं 'अमुची' लिहितात. मात्राही चारच होतात, पण लेकरू 'अमुची' कधी बोलत नाही, म्हणून गातानाही अडखळतं. शाळेच्या गीतात मात्रा जिभेवर मोजाव्यात. वृत्ताच्या पुस्तकाप्रमाणं बिनचूक असलेली ओळ मैदानात लंगडते ती बहुतेक वेळा याच कारणानं.

आता ही ओळ पावलावर टाकून बघा. आम्, ची, शा, ळा. घं, टा, हो, ता. प्रत्येक पावलाला एक जड अक्षर मिळतं, एकही पाऊल रिकामं जात नाही. दोन्ही ओळी 'ळा'वर संपतात, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि शेवटच्या सुरावर आवाज मोकळा सुटतो. ध्रुवपदाच्या शेवटी 'आ' मिळाला तर मी दुसरं काही शोधत नाही. 'ई' चालतो, पण मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

सूर असे ठेवले, एका अक्षराला एक:

सा रे ग ग, प म ग रे
रे ग म म, ग रे सा सा

पहिली ओळ 'रे'वर थांबते. ती अधांतरी वाटते, त्यामुळं दुसरी ओळ पोरं आपोआप उचलतात, मास्तरांना खूण करावी लागत नाही. दुसरी 'सा'वर येऊन टेकते. सगळं मिळून पाचच सूर. अंतरा 'प'वरून उठतो, 'ध'ला शिवतो आणि परत खाली येतो. वरच्या 'सा'ला मी जात नाही, कारण शाळा सातवी-आठवीपर्यंत असेल तर मोठ्या मुलांचे आवाज फुटत असतात. वरचा सूर आला की ती पोरं लाजून गप्प होतात, आणि रांगेत सगळ्यात उंच तीच असतात म्हणून सगळ्यांना दिसतं. पट्टीचंही सांगून ठेवतो. पुरुष मास्तर आपल्या गळ्याला सोयीची काळी एक धरतात, तेव्हा पहिली-दुसरीची लेकरं खालच्या सुरावर नुसती पुटपुटतात. मी पेटीवर पांढरी तीन सांगतो. पेटी नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतेच, तर सुरुवात पाचवीतल्या एखाद्या मुलीला करू द्यावी. ती बरोबर जागी धरते.

अंतऱ्यात गाव आलं पाहिजे असा सगळ्यांचाच आग्रह असतो, आणि तो रास्त आहे. त्या शाळेच्या पहिल्या अंतऱ्यात बाईंनी लिहिलं होतं:

काळी माती, हिरवी ज्वारी
मांजर वाहे आमच्या दारी

मात्रा बसाव्यात म्हणून त्यांनी 'मांजरा'चा काना काढला होता. वर्गात वाचून दाखवल्याबरोबर मागून "म्यांव" आलं. गरजही नव्हती त्याची, कारण 'मांजरा' आपण बोलतो 'मांज्‌रा', चारच मात्रा. काना परत आला. मग शाळा समितीतल्या एका आजोबांनी हरकत घेतली, "वाहती कुठं वो सर? दिवाळीनंतर गोटेच दिसतात." पाटोद्याकडं बालाघाटात उगम पावणारी ही नदी बारमाही वाहत नाही हे गावातल्या माणसाला मी काय सांगणार! 'वाहे' जाऊन 'माई' आलं: "मांजरामाई आमच्या दारी". चार आणि चार, वर खोटंही नाही.

गावाचं नाव घालायचं तर आधी ते जिभेवर तोलून बघा. पैठण चार मात्रांचं, कुठंही बसतं. तुळजापूर 'तुळ्‌जा' आणि 'पूर' अशा दोन तुकड्यांत पडतं, 'पूर' जरा लांबवलं की आठ भरतात. अंबाजोगाई मात्र दहा मात्रांचं, पाचच्या पाच अक्षरं जड. ते एका आवर्तनात मावत नाही आणि तोडलं तर एकटी 'ई' पुढच्या टाळीवर जाते. अशा नावाला ओळीत कोंबू नये. नदी, डोंगर, वेस, जे सहज येईल ते घ्यावं, गाव कळतंच.

मात्रा बरोबर असूनही ओळ फसते, तेही एकदा दाखवतो. पहिल्या अंतऱ्याची तिसरी ओळ आधी अशी होती: "लेझिम खेळू, गणित सोडवू". दोन्ही भाग कागदावर आठ-आठ. पण 'गणित' तीन मात्रांचं आहे, म्हणून 'सो' चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचव्या मात्रेची टाळी त्याच्या पोटात जाते. पोरं चालत असतील तर नेमकं तिथं पाऊल चुकतं. हे ओळखायला संगीत यावं लागत नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, शब्दांकडं लक्ष द्यायचं नाही, टाळी ऐकायची. जिथं टाळ्या विखुरतात तिथला शब्द बदलायचा. 'पाढे गाऊ' केलं आणि टाळी जागेवर आली.

दुसऱ्या अंतऱ्यात मुक्तिसंग्राम हवा होता. "स्वामी रामानंद तीर्थ" हे नाव पूर्ण घेतलं की 'नंद तीर्थ'पाशी हाच घोळ होतो. म्हणून असं केलं:

स्वामीजींची आठवण ठेवू
झेंड्याखाली गाणे गाऊ

'आठवण' बोलताना 'आठ्‌वण', चार. स्वामीजी स्वतः हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवायचे, तेव्हा त्यांना 'स्वामीजी' एवढ्यावर बोलावणं शाळेला शोभतं असं माझं मत. बाकीच्या नावांची यादी भाषणात घ्यावी.

अंतरे दोनच. तिसरा लिहिलेला असतो, पण तो कुणाला पाठ होत नाही, आणि परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, बातम्या, सगळं उरकायचं असतं. शिकवताना कागद वाटू नये. पहिले काही दिवस फक्त ध्रुवपद, तेही पहिलीच्या पोरांना. त्यांना जमलं की बाकीच्यांना शिकवावं लागत नाही, ती मधल्या सुट्टीत उचलतात.

पहिल्या अंतऱ्याची शेवटची ओळ पोरांनीच सुचवली:

लेझिम खेळू, पाढे गाऊ
खिचडी सारे मिळुनी खाऊ

चार-चार-चार-चार, एक मात्रा इकडची तिकडं नाही. अख्ख्या गीतात सगळ्यात मोठा आवाज या ओळीला येतो. हेडसरांना ती पसंत नव्हती, "केंद्रप्रमुख काय म्हणतील?" मी वाद घातला नाही. त्याच मापाची दुसरी ओळ करून दिली: "मिळुनी सारे पुढती जाऊ". आता तपासणीला कुणी येणार असेल तर बाई आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवतात, उद्या 'पुढती जाऊ' म्हणायचं. निम्मी लेकरं तरीही खिचडीच म्हणतात.