निळं बटण खाली होतं

मी एका परीक्षा पोर्टलच्या मदतकक्षात तक्रारी हाताळते. परीक्षेच्या आदल्या दिवशी, रात्री सव्वानऊला, एका वडिलांचा मेल आला: "मॅडम, मुलीचं प्रवेशपत्र निघत नाही. पान बरंच वर सरकवल्यावर खाली निळं बटण येतं, ते दाबलं तर काहीच होत नाही. दाबून धरलं तर फक्त कॉपी येतं." सोबत एक स्क्रीनशॉट होता.

रांगेत मेल साचले होते. मी नेहमीचं तयार उत्तर पाठवलं: Ctrl+Shift+Delete दाबून कॅशे साफ करा आणि पुन्हा प्रयत्न करा. दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं: "मॅडम, कंट्रोल कुठे असतं?"

ते वाचून मला फार वाईट वाटलं. पहिला मेल पुन्हा उघडला, तर सगळं त्यातच होतं. आमच्या पानावर डाऊनलोडचं बटण उजव्या रकान्यात असतं. संगणकावर ते पान उघडताच दिसतं. पडदा अरुंद असला की तो रकाना मजकुराच्या खाली जातो, म्हणून त्यांना पान एवढं सरकवावं लागलं. अर्थात संगणकावरची खिडकी लहान केली तरी असंच होतं, त्यामुळे एवढ्यावरून ते फोनवर आहेत असं मी ठरवलं नसतं. पण 'दाबून धरलं' असं माउस वापरणारा माणूस सहसा लिहीत नाही.

मग स्क्रीनशॉट पाहिला. उभा, वर घड्याळ आणि बॅटरी. फाइलचं नाव `Screenshot_` ने सुरू होऊन पुढे तारीख, वेळ आणि शेवटी एका सोशल मीडिया अॅपचं नाव. काही कंपन्यांचे फोन स्क्रीनशॉटच्या नावात तेव्हा उघडं असलेलं अॅपही लिहितात. म्हणजे काकांनी लिंक त्या अॅपमधूनच उघडली होती आणि पान अॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये चाललं होतं. तिथे फाइल उतरवून घेण्याची सोय अॅप बनवणाऱ्याने वेगळी करावी लागते. ती नसेल, तर बटण दाबूनही काही घडत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सर्व्हरच्या नोंदीत त्यांच्या ब्राउझरच्या ओळखीत `; wv` सापडलं. अँड्रॉइडवर अॅपच्या आत पान उघडलं की ही खूण येते. कॅशे कितीही साफ केली असती, तरी प्रवेशपत्र उतरलं नसतं.

मी लिहिलं: "काका, वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, त्यावर बोट लावा. Open in browser किंवा Open in Chrome निवडा. लॉगिन पुन्हा करावं लागेल. मग तेच निळं बटण दाबा."

पावणेदहाला उत्तर आलं: "निघालं. झेरॉक्सचं दुकान अजून उघडं आहे, निघतो."

त्या रात्री उरलेल्या प्रत्येक मेलचा स्क्रीनशॉट उघडण्याआधी मी त्याच्या फाइलचं नाव वाचलं.