एकच सूर, दोन जाडीचे स्वरतंतू

तो 21 वर्षांचा होता. दाढीमिशा भरघोस, कंठमणी ठळक, अंगाने मजबूत. बोलायला लागला की मात्र आवाज 230 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बाईच्या आवाजाच्या पट्टीत. प्रौढ पुरुषाचा बोलण्याचा सूर साधारण 100 ते 130 हर्ट्झमध्ये असतो. "मॅडम, फोनवर मला सगळे ताई म्हणतात," एवढंच त्याने सांगितलं आणि गप्प बसला. बोलायचंच टाळायची सवय त्याला लागलेली होती.

वाचाउपचाराच्या कामात असे तरुण अधूनमधून येतात. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, पण आवाज जुन्याच सवयीने फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ आवाजात, अडकून राहतो. याला प्युबरफोनिया म्हणतात. नाव ठाऊक असलं तरी थेट व्यायामाला हात घालता येत नाही. आधी खात्री करावी लागते की स्वरयंत्र खरोखर वाढलेलं आहे. हार्मोनच्या कमतरतेने ते लहानच राहिलं असेल, किंवा स्वरतंतूला खाच असेल, एखादा तंतू हलत नसेल, तर माझ्या व्यायामांनी काही साधणार नाही. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांसोबत नाकातून लवचिक दुर्बीण घालून तपासणी ठरवली. लवचिकच का, तर ती आत असताना माणूस नीट बोलू शकतो आणि बाहेरून गळ्याला हातही लावता येतो.

पडद्यावर स्वरयंत्र दिसलं ते पूर्ण वाढलेल्या पुरुषाचं. दोन्ही तंतू छान हलत होते. डॉक्टरांनी त्याला "ई" लांबवायला सांगितलं आणि स्ट्रोबचा दिवा लावला. हा दिवा आवाजाच्या कंपनसंख्येपेक्षा किंचित वेगळ्या गतीने लुकलुकतो, त्यामुळे सेकंदाला शेकडो वेळा होणारी हालचाल डोळ्यांना सावकाश दिसते. तंतू मागेपुढे ताणलेले, लांब आणि कडेला पातळ दिसत होते. थरथरत होती ती फक्त आतली कड; उरलेला तंतू जवळपास स्थिर. कडा एकमेकींना जेमतेम टेकत होत्या आणि मध्ये एक बारीक फट सतत राहत होती. आवाजातला वाऱ्यासारखा फुसफुसाट तिथूनच येत होता.

नवीन विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. लांब तार खालचा सूर देते, पुरुषाचे तंतू लांब म्हणून त्याचा आवाज खालचा, मग तंतू लांबवल्यावर सूर चढतो कसा? दोन माणसांची तुलना वेगळी आणि एकाच माणसातला बदल वेगळा. पुरुषात तंतूंचा कंप पावणारा भाग सुमारे 16 मिलिमीटर असतो आणि स्त्रीत 10 च्या आसपास. हा बांधणीतला फरक. एकाच गळ्यात मात्र क्रायकोथायरॉइड स्नायू तंतू ओढतो तेव्हा लांबी थोडीच वाढते, पण ताठरपणा कितीतरी अधिक वाढतो. लांबीने सूर जेवढा उतरायला हवा, त्याहून जास्त तो ताठरपणामुळे चढतो.

जाडी ठरते ती दुसऱ्या स्नायूमुळे. तंतूचा गाभा म्हणजे थायरोअरिटिनॉइड स्नायू. मोडल आवाजात, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात, तो आखडलेला असतो. तंतू आखूड आणि वरपासून खालपर्यंत जाड होतो आणि गाभ्यासकट डोलतो. फॉल्सेटोत तोच सैल पडतो. सगळा ताण काठाजवळच्या अस्थिबंधावर येतो आणि कंपायला फक्त पातळ काठ उरतो.

मी त्याला खोकायला सांगितलं. खोकल्याचा आवाज भरदार, खोल आला. त्याला कळलं नाही, पण आम्हा दोघांना हवा होता तो पुरावा मिळाला: जाड तंतूंचा आवाज या गळ्यात आहे, बोलताना तो वापरला जात नाही इतकंच.

मग दुर्बीण आतच ठेवून मी अंगठा आणि तर्जनी त्याच्या कंठमण्यावर ठेवली. "तू फक्त आ म्हणत राहा, थांबू नकोस." तो 230 वर "आ" धरून होता. मी कंठमण्याची ती थायरॉइड कूर्चा हळूच मागे आणि थोडी खाली दाबली. दाबल्याने तंतूचं पुढचं टोक मागच्या टोकाजवळ येतं आणि क्रायकोथायरॉइडने दिलेला ताण उतरतो. सूर आधी थोडा डळमळला, स्ट्रोबची लय तुटली, चित्र विस्कटलं, आणि एका झटक्यात आवाज 120 च्या जवळ जाऊन बसला. सूर हळूहळू घसरत आला नव्हता, मधल्या पायऱ्या गाळून त्याने उडी मारली होती. या उडीवरूनच कळतं की फक्त सूर बदललेला नाही, कंपण्याची तऱ्हाच बदलली आहे.

चित्र पुन्हा स्थिर झालं तेव्हा तंतू आखूड आणि गुबगुबीत दिसले. पुढचा थोडा भाग दाबामुळे झाकला गेला होता, पण जे दिसत होतं ते पुरेसं होतं. खालची कड आधी उघडत होती, मागोमाग वरची. मिटतानाही खालची आधी. पृष्ठभागावरून लाट बाहेरच्या बाजूला पसरत होती. फट नाहीशी झाली होती आणि प्रत्येक फेऱ्यात तंतू बराच वेळ मिटलेले राहत होते. किती मिलिमीटरने आखूड झाले, ते मी सांगणार नाही. दुर्बिणीचं टोक जरा पुढेमागे झालं तरी पडद्यावरचं माप बदलतं.

"हा माझा आवाज नाही," तो म्हणाला, आणि म्हणताना आवाज परत वर गेला. मी बोटं काढली होती ना.

पुढचा बराच वेळ बोटं हळूहळू सोडण्यात गेला. आधी "म"चा गुंजारव, मग "मा", मग आकडे. यात एक फसवी वाट असते: रुग्ण फॉल्सेटोत राहूनच सूर खाली ढकलतो. आकडा उतरतो, पण आवाज फिका आणि हवाळ राहतो. त्यामुळे नुसत्या हर्ट्झवर मी विश्वास ठेवत नाही. त्याचा तळहात छातीवर ठेवायला लावते आणि आवाजात वरचे उपस्वर भरले का ते ऐकते. दुपारपर्यंत तो बोटांशिवाय वीसपर्यंत मोजू लागला.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते नंतरच्या एका भेटीत पाहिलं. पुरुषांच्या मोडल पट्टीचं वरचं टोक आणि फॉल्सेटोचं खालचं टोक एकमेकांवर चढतात, आणि त्याचा जुना 230 नेमका त्या पट्ट्यात येतो. आता मोडल त्याच्या ताब्यात होता, म्हणून तोच सूर त्याला दोन्ही प्रकारे धरायला सांगितला. सूर एकच, तरी स्ट्रोबखाली फॉल्सेटोत पातळ काठ आणि फट, मोडलमध्ये जाड काठ आणि घट्ट मिटणं. लांबीतला फरक डोळ्याला फारसा जाणवत नव्हता. जाडीतला लगेच दिसला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून त्याला दाखवली.

त्याने विचारलं, "मग वरचा आवाज आता जाईल का?" जाणार नाही. क्रायकोथायरॉइड तिथेच आहे आणि गाताना तो हवा तेव्हा वापरता येईल. व्यायामाने आवाज टिकला नसता, तर कूर्चेची पट्टी कापून तंतू कायमचे आखूड आणि सैल करणारी शस्त्रक्रिया असते. जपानी शल्यविशारद इशिकींनी तिला तिसऱ्या प्रकारची थायरोप्लास्टी म्हटलं आहे. त्याला ती लागली नाही. फोन उचलताना पहिला "हॅलो" मात्र बरेच दिवस वर जात राहिला, म्हणून उचलण्याआधी तोंड मिटून एकदा "म" करायची सवय मी त्याला लावली.